निबंधाच्या कच्च्या खर्ड्यावर शेरे कसे लिहावेत? (निबंध आपण न लिहिता)

दौतटाक

नमस्कार मंडळी. गावच्या अभ्यासिकेत शनिवारी अकरावी-बारावीच्या मुलांचं लिखाण वाचतो. पेशाने शिक्षक नाही, म्हणून हा धागा.

एका मुलीने तालुका पातळीवरच्या निबंध स्पर्धेसाठी खर्डा दिलाय. मर्यादा हजार शब्दांची आहे आणि मुदतीला अजून तीन आठवडे आहेत. विषय तिनेच निवडला: शेततळी. तिला विचारून काही भाग जसाच्या तसा देतो:

> पाणी हे जीवन आहे. प्राचीन काळापासून मानव पाण्याच्या शोधात भटकत आला आहे. सर्व महान संस्कृती नदीकाठी उदयास आल्या. आजच्या विज्ञानयुगात मात्र पाण्याचा प्रश्न गंभीर बनत चालला आहे...
>
> शासनाने २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आणली. शेततळ्यामुळे शेतकऱ्यांचा पाण्याचा प्रश्न कायमचा सुटला आहे. आमच्या गावात आता सगळीकडे डाळिंब दिसते...
>
> माझ्या काकांनीही शेततळे केले. तळाला प्लास्टिकचा कागद अंथरला म्हणजे पाणी जमीनीत मुरत नाही. दिवाळीनंतर काका विहीरीवर मोटार लावून शेततळे भरून घेतात, कारण उन्हाळ्यात विहीरीला पाणी राहत नाही. आजीच्या घरामागची विहीर आता फेब्रुवारीतच आटते, पूर्वी ती अक्षय्य तृतीयेपर्यंत पुरायची...
>
> म्हणून प्रत्येक शेतकऱ्याने शेततळे केलेच पाहिजे. पाणी अडवा, पाणी जिरवा!

वाचताना हात शिवशिवतात. पहिला परिच्छेद उडवून द्यावा आणि शेवट आपणच लिहावा असं वाटतं. पण मग निबंध माझा होणार, तिचा नाही. सध्या समासात लिहायला हे शेरे काढून ठेवलेत: 'प्रस्तावना पाल्हाळिक', 'मुद्दा स्पष्ट कर', 'विरोधाभास!', 'शुद्धलेखनाकडे लक्ष दे'. हेच द्यावेत की आणखी काही?

---

कोकणकडा

सोपं आहे. आधी दोन चांगल्या गोष्टी, मग एक खटकलेली, शेवटी परत एक चांगली. आणि लाल पेन अजिबात नको, हिरवं घ्या. लाल पाहिलं की मुलं मिटून जातात. आमच्या कंपनीत नवीन मुलांचे रिपोर्ट तपासताना हाच नियम आहे.

---

मेघा_ल

कॉलेजात मराठी शिकवते, निबंधांचे गठ्ठे घरी आणणं हा संसाराचाच भाग झालाय.

दौतटाक, तुमचे चारही शेरे एका कागदावर लिहा आणि तो कागद दुसऱ्या कुठल्याही मुलाच्या 'वृक्षारोपण काळाची गरज'वर ठेवून पाहा. तंतोतंत बसतील. नॅन्सी सॉमर्स या अमेरिकी अभ्यासक बाईंनी १९८२मध्ये हेच दाखवलं होतं, की शिक्षकांचे बरेचसे शेरे कुठल्याही निबंधावरून उचलून कुठल्याही निबंधावर चिकटवता येतात. 'मुद्दा स्पष्ट कर' वाचून मूल काय करतं? त्याला तो मुद्दा स्पष्टच वाटत असतो, म्हणून तर त्याने तसं लिहिलेलं असतं. मग ते आधीच्याच वाक्यापुढे आणखी दोन विशेषणं जोडतं.

शेऱ्यात मला तीन गोष्टी लागतात. नेमकी जागा कुठली, तिथे वाचताना मला काय झालं, आणि आता तू काय करून पाहायचंस. तिसरी गोष्ट कामाच्या रूपात सांगायची, तयार वाक्याच्या रूपात नाही. 'पाल्हाळिक'ऐवजी मी असं लिहीन:

'पहिली चार वाक्यं वाचून झाल्यावरही हा निबंध शेततळ्यांबद्दल आहे हे मला कळलं नव्हतं. तुझा स्वतःचा विषय कुठल्या वाक्यापासून सुरू होतो तिथे पेन्सिलने रेघ मार. रेघेच्या वरची वाक्यं एकेक झाकून बघ. जे झाकल्यावर खालचं समजायला काही अडत नाही, त्याचं काय करायचं ते ठरव.'

शेरा लांबलाय हे मान्य. पण यात एकही वाक्य तिच्या निबंधात उतरवून घेण्यासारखं नाही, आणि तरी आज संध्याकाळी काय करायचं ते तिला कळतं.

कोकणकडा, कौतुक हवंच, पण ते पावाच्या दोन तुकड्यांसारखं वर-खाली लावलं की मुलं फक्त मधलं वाचतात किंवा फक्त वरचं. या खर्ड्यात कौतुकाला एक खरंखुरं काम आहे. 'दिवाळीनंतर काका विहीरीवर मोटार लावून' हे अख्ख्या निबंधातलं सगळ्यात जिवंत वाक्य. कोण, कधी, कशाने, का, सगळं त्यात आहे. आणि मुलं पुढच्या खर्ड्यात नेमकं असंच वाक्य काढून टाकतात, कारण 'निबंधात घरगुती लिहायचं नाही' असं कुणीतरी सांगितलेलं असतं. म्हणून 'छान!' नको. 'हे वाक्य ठेव, कारण इथे पहिल्यांदा मला तुझं गाव दिसलं' असं लिहा. शाई कुठलीही चालेल.

---

बांधावरचा

निबंधातच चूक आहे हो. डाळिंबवाला आहे म्हणून सांगतो. मूळ कल्पना पावसाचं वाहून जाणारं पाणी साठवायची. कागद टाकला की मुरणं बंद, आणि पाऊस संपल्यावर विहीर-बोअरमधून भरलं की जमिनीखालचं पाणी वर आणून उन्हात उघडं ठेवल्यासारखं झालं. एप्रिल-मेमध्ये वाफ होऊन किती जातं ते तळ्याच्या कडेला दिसतंच. शेजाऱ्याची विहीर लवकर आटणार नाही तर काय होणार? पण बाग जगवायची तर दुसरा मार्गही नाही, हे शहरातल्या लोकांना कळत नाही. त्या मुलीला सांगा, असं लिही की योजना चांगली पण भरायचे नियम हवेत. शेवटी 'जिरवा' लिहिलंय, कागद टाकल्यावर काय जिरणार, डोंबल!

---

मेघा_ल

बांधावरचा, तुमचा प्रतिसाद वाचून मीच शहाणी झाले. फक्त यातलं एक अक्षर दौतटाक यांनी समासात लिहू नये. ते लिहिलं तर पुढच्या खर्ड्यात तुमचा निबंध येईल, तिच्या अक्षरात.

गंमत अशी की तुम्ही म्हणताय ते सगळं तिच्याकडे आधीच आहे. कागद, मोटार, दिवाळीनंतर, आजीची विहीर. तिने ते पाहिलंय आणि लिहिलंय, फक्त एकत्र ठेवलेलं नाही. डोळ्यांनी पाहिलेलं तिसऱ्या परिच्छेदात आणि ऐकलेली घोषणा शेवटी. खर्ड्यातली सगळ्यात मोठी अडचण हीच, आणि सगळ्यात मोठी शक्यताही. 'विरोधाभास!' असं उद्गारचिन्हासकट लिहिलं तर तिला वाटेल चूक झाली, आणि ती आजीची विहीर काढून टाकेल. मग निबंध सुसंगत होईल आणि मरेल.

मी तिचीच दोन वाक्यं शेजारी ठेवीन:

'दुसऱ्या परिच्छेदात तू म्हणतेस, प्रश्न कायमचा सुटला. तिसऱ्यात आजीची विहीर फेब्रुवारीत आटते. दोन्ही वाचून मी थांबले, कारण आता नक्की कशावर विश्वास ठेवायचा ते मला कळेना. काकांचं तळं आणि आजीची विहीर यांचा संबंध आहे असं तुला वाटतं का? हो किंवा नाही, दोन्ही चालेल. पण तू जे मानतेस ते वाचकाला निबंधातच सापडलं पाहिजे.'

---

तिरपागडा

हा प्रश्न आहे? हे तर प्रश्नचिन्ह लावलेलं उत्तर आहे. अकरावीची मुलगी, समोर मोठं माणूस, विचारतंय 'संबंध आहे असं वाटतं का?' ती काय 'नाही' म्हणणार? सरळ सांगा की बाई गं, मला इथे संबंध दिसतोय, तू तपास. निदान ते प्रामाणिक तरी आहे. शिक्षकी प्रश्नांचा मला लहानपणापासून राग आहे.

---

मेघा_ल

मुद्दा बरोबर आहे आणि माझ्याकडे त्याला पूर्ण उत्तर नाही. कुठली दोन वाक्यं शेजारी ठेवायची हे मी निवडलं, तिथेच माझं मत आत शिरलं. फरक एवढाच, की मला खरोखरच उत्तर माहीत नाही. तिच्या आजीची विहीर कशाने आटते? काकांच्या तळ्याने, आसपास नव्या बोअर पडल्या म्हणून, की दोन वर्षं पाऊस कमी म्हणून? मला ठाऊक नाही, बांधावरचा यांनाही त्या गावापुरतं ठाऊक नाही. तिला आजीला विचारता येईल. म्हणून शेऱ्यात 'हे कुणाला विचारून कळेल?' असं जोडायला हवं होतं. म्हणजे प्रश्न माझ्याकडे परत न येता गावात जाईल.

ज्याचं उत्तर मला पक्कं माहीत आहे तिथे प्रश्नाचं सोंग मीही घेत नाही. 'शेवटी जिरवा म्हणतेस, वर म्हणतेस कागदामुळे पाणी मुरत नाही, ही दोन वाक्यं एकत्र टिकत नाहीत' हे विधान म्हणूनच लिहीन.

---

सायली_परदेशी

माझा अनुभव. प्रबंध लिहिताना माझे मार्गदर्शक फाइलमध्ये सरळ दुरुस्त्या करून पाठवायचे. मी 'सगळं मान्य' बटण दाबायचे. प्रबंध सुंदर झाला, पण तोंडी परीक्षेत एका परिच्छेदाबद्दल विचारलं तेव्हा तिथे तसं का म्हटलंय ते मलाच सांगता आलं नाही. दुसऱ्या मार्गदर्शक बाई होत्या त्या फक्त एवढं लिहायच्या: 'पान बारा: मी तुझा युक्तिवाद असा समजले...' आणि दोन ओळीत सांगायच्या. अर्ध्या वेळा तो मला म्हणायचा होता तो नसायचाच! राग यायचा, मग कळायचं की माझ्या वाक्यातून तेच निघतंय.

---

मेघा_ल

सायली, हे दौतटाक यांनी जरूर करावं. समासातल्या शेऱ्यांखेरीज शेवटी पाच-सहा ओळींची चिठ्ठी, आणि तिची सुरुवात 'तुझा निबंध मला असा समजला' अशी. या खर्ड्यासाठी ती अशी होईल: 'शेततळी चांगली आहेत, सगळ्यांनी करावीत, पण तुझ्या घरच्या अनुभवात मला एक शंका दिसते, जिच्याबद्दल निबंध काहीच बोलत नाही.' हे आपल्याला म्हणायचं होतं का, ते तिचं तिने ठरवावं.

---

अनुस्वार

इतके प्रतिसाद झाले, पण 'विहीरीवर' आणि 'जमीनीत' कुणालाच खुपलं नाही? स्पर्धा मराठी निबंधाची आहे. विहीर, पण विहिरीवर. जमीन, पण जमिनीत. प्रत्यय लागताना उपान्त्य वेलांटी ऱ्हस्व होते, नियम जुनाच आहे. प्रत्येक ठिकाणी गोल करून वर बरोबर शब्द लिहावा, नाहीतर मुलं शिकणार कशी? आशयाच्या नावाखाली शुद्धलेखन सोडून दिल्यामुळेच आजची वर्तमानपत्रं अशी दिसतात.

---

मेघा_ल

सोडून द्या असं मी म्हटलेलं नाही, आत्ता नको म्हणते. तिसरा परिच्छेद बहुतेक नव्याने लिहिला जाणार. ज्या वाक्यांचं राहणं-जाणं ठरलेलं नाही त्यांच्या वेलांट्या सुधारून दिल्या की दोन गोष्टी होतात. एक म्हणजे ती वाक्यं पक्की आहेत असं तिला वाटतं. दुसरं, सुधारायला सोप्या गोष्टी आधी सुधारून 'झालं सगळं' म्हणून ती मोकळी होते. पंधरा गोलांमध्ये आजीच्या विहिरीचा प्रश्न हरवतो.

आणि पंधरा गोलही लागत नाहीत. या सगळ्या एकाच घरातल्या चुका आहेत. दुसऱ्या खर्ड्यावर तिला एवढं लिहावं: 'तू विहीर बरोबर लिहितेस, विहीरीवर चुकतं. प्रत्यय लागल्यावर वेलांटीचं काय होतं ते विहिरीवर या शब्दात पाहा आणि असे आणखी शब्द शोध.' रिचर्ड हॅसवेल या प्राध्यापकांनी तर १९८३मध्ये लिहिलंय की ते चुकीच्या ओळीसमोर समासात फक्त एक खूण करायचे, चूक कोणती ते सांगायचे नाहीत, आणि निम्म्याहून जास्त चुका मुलं स्वतःच शोधून दुरुस्त करायची. ज्या उरायच्या त्या खऱ्या न कळणाऱ्या. शिकवायचं ते तिथे.

---

अनुस्वार

इंग्रजीतलं इंग्रजीला. तिथे वेलांटीचा प्रश्न नाही. आमच्या मुलांना मुळात नियमच माहीत नसेल तर खूण बघून काय शोधणार? एक नमुना देऊन बाकीचे शोधायला लावणं मात्र पटतं. आत्ता की नंतर यावर आपलं जमणार नाही.

---

गठ्ठेवाला

सगळं छान आहे मेघाताई, पण दौतटाक यांच्यासमोर एक मुलगी आहे. माझ्या वर्गात साठ आहेत. एका खर्ड्यावर एवढं लिहायला वीस मिनिटं धरली तरी वीस तास होतात. शिवाय गुण द्यावेच लागतात, आणि कागद हातात पडला की पहिलं काय, मुलं गुण बघतात आणि शेजाऱ्याचे गुण बघतात. शेरा वाचतच नाहीत.

---

मेघा_ल

साठांसाठी हे असं होत नाही, मीही करत नाही. वर्षात एखाद्याच निबंधाचा कच्चा खर्डा घेते. त्यावर प्रत्येकाला एकच शेरा, सगळ्यात मोठ्या अडचणीवर. सगळ्यांची मिळून एकच गोष्ट बिघडलेली असेल तर ती फळ्यावर.

गुणांबद्दल मात्र बोलावंच लागेल. रूथ बटलर यांचा १९८८चा इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवरचा प्रयोग आहे. नुसते शेरे मिळालेल्या मुलांचं पुढचं काम सुधारलं, शेरा आणि गुण दोन्ही मिळालेल्यांच्या बाबतीत तो फायदा दिसला नाही. म्हणून खर्ड्यावर गुण टाकायचेच नाहीत, पक्क्यावर टाकायचे. तुमच्या शाळेत खर्ड्याची नोंद मागत असतील तर तिथे मीही अडकले असते.

---

गठ्ठेवाला

मागतात.

---

निशिगंधची_आई

माझी मुलगी दहावीला आहे. बोर्डात निबंधाला प्रस्तावना नसेल तर गुण कापतात का? क्लासमध्ये सुरुवातीला सुविचार लिहायला सांगतात. एखादा चांगला निबंधसंग्रह सुचवाल का?

---

तिरपागडा

ताई, धागा निबंध तपासण्याचा आहे, लिहून मिळण्याचा नाही. :) वेगळा काढा, तिथे भरपूर मिळतील.

---

दौतटाक

सर्वांचे आभार. तीन शेरे समासात लिहिले: प्रस्तावनेचा, तळं-विहिरीचा (शेवटी 'हे कुणाला विचारता येईल?' जोडून) आणि मोटारीच्या वाक्याचा. 'जिरवा'चं विधान चिठ्ठीत घातलं. शुद्धलेखनाला हात लावला नाही, अनुस्वार यांची माफी. आणि तिला एक सांगितलं: नवा खर्डा आणशील तेव्हा वर दोन ओळीत लिही, काय बदललंस, काय मुद्दाम नाही बदललंस आणि का.

आज दुसरा खर्डा आला. ती आजीकडे जाऊन आली. आजी म्हणाली, विहीर लवकर आटायला लागली ती तळ्याच्या आधीपासून, वरच्या अंगाला बोअर पडल्या तेव्हापासून. तळं झाल्यावर आणखी लवकर आटते. म्हणजे मेघाताईंची शंका खरी, उत्तर एका कारणाचं नाही. तिने 'कायमचा सुटला' हे वाक्य काढलेलं नाही. त्याच्यापुढे लिहिलंय: 'असे मलाही वाटत होते. काकांच्या बागेपुरते ते खरेही आहे.' आणि तिथून थेट आजीच्या विहिरीवर गेली आहे. मला हे सुचलं नसतं. मी ते वाक्य खोडून मोकळा झालो असतो.

शेवट अजून लंगडा आहे. घोषणा गेली, पण जागी काही आलेलं नाही, निबंध एकदम थांबतो. आणि 'पाणी हे जीवन आहे' तसंच्या तसं. वरच्या दोन ओळीत लिहिलंय: 'प्रस्तावना मुद्दाम ठेवली आहे, परीक्षकांना अशीच आवडते असे आमच्या सरांनी सांगितले आहे.'

आता यावर काय शेरा लिहू?

---

कोकणकडा

हाहा. यावर हिरवं पेनही चालणार नाही.

---

मेघा_ल

तिने कारण दिलंय, म्हणजे तुमचा शेरा वाचून, विचार करून नाकारलाय. ते तिचंच ठरवणं राहू दे. मी असते तर एवढंच लिहिलं असतं: 'तुझं कारण समजलं. पहिल्या चार वाक्यांत साधारण किती शब्द जातात ते मोज. तुझा शेवट अजून लिहायचा आहे आणि मर्यादा हजाराची आहे.' शब्दमर्यादा खरी आहे, ती माझं मत नाही.

सरांच्या विरोधात मात्र समासात काही लिहू नका. सर परीक्षक ओळखतही असतील, आपण ओळखत नाही.

---

बांधावरचा

वरच्या अंगाला बोअर हे आमच्याकडेही तेच. शेवटासाठी तिला म्हणावं, काकांना विचार ते मोटार दिवाळीनंतरच का लावतात, पावसाळ्यात ओढ्याचं पाणी का घेत नाहीत. उत्तर मी सांगत नाही, शिकलो एवढं. :)

---

तिरपागडा

आता हा खरा प्रश्न.

---

अनुस्वार

दुसरा खर्डा आला ना? मग आता तरी 'विहीरीवर' दाखवा. आता तुमच्याच वेळापत्रकात बसतं.

---

दौतटाक

दाखवतो. काकांचा प्रश्न चिठ्ठीत घालतो, 'विहिरीवर'चा एक नमुना समासात. बाकीचे तिने शोधायचे. बांधावरचा, ओढ्याचं उत्तर मला व्यनि करा की, मलाच झोप लागायची नाही.